प्रतिक्रिया एक, वाचणारे दोन

बातमीवर आलेल्या वाचकांच्या प्रतिक्रिया चाळून ‘हल्ली लोकांची भाषा फारच घसरली आहे’ असे म्हणणे सोपे असते. किती घसरली, हे सांगायची वेळ आली की अडचण सुरू होते. शंभर प्रतिक्रियांपैकी अवमानकारक किती, असे दोन सुशिक्षित माणसांना विचारले, तर एक वीस म्हणेल आणि दुसरा पस्तीस. दोघांचेही वाचन प्रामाणिक असते. फरक असतो तो ‘अवमानकारक’ या शब्दाच्या प्रत्येकाच्या मनातील अर्थात. आशय-विश्लेषण नावाच्या अभ्यासपद्धतीचा बराचसा खटाटोप हा मनातला अर्थ कागदावर उतरवण्यासाठी आहे. तो कागद हाती आलेल्या तिसऱ्या माणसाने, पहिल्या दोघांशी एक शब्दही न बोलता, त्याच प्रतिक्रियांना तीच लेबले लावली पाहिजेत, ही त्यातील अट.

या विषयावरचा एक नावाजलेला अभ्यास अमेरिकेतील आहे. केव्हिन को, केट केन्स्की आणि स्टीफन रेन्स या संशोधकांनी ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथील ‘ॲरिझोना डेली स्टार’ या दैनिकाच्या बातम्यांवर आलेल्या ६,४४४ प्रतिक्रिया तपासल्या आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. पाचांपैकी एकीहून थोड्या अधिक प्रतिक्रियांत त्यांना असभ्यता आढळली. हा आकडा पुष्कळांनी उद्धृत केला. आपल्या दृष्टीने त्यामागची व्याख्या अधिक मोलाची आहे. ‘असभ्य’ असा एकच ढोबळ शिक्का न मारता त्यांनी असभ्यतेचे पाच प्रकार केले : माणसाला किंवा समूहाला नावे ठेवणे, कल्पना, योजना, धोरण वा वर्तन यांना तुच्छतेने हिणवणे, खोटेपणाचा आरोप करणे, अश्लील किंवा शिवराळ भाषा वापरणे, आणि समोरच्याच्या बोलण्याच्या पद्धतीची हेटाळणी करणे.

पहिल्या दोन प्रकारांत फरक कशाचा आहे, हे नीट पाहावे. शब्द तितकेच बोचरे असू शकतात. ते कोणावर रोखले आहेत, एवढेच तपासायचे. महापालिकेने वाहनतळाचे शुल्क वाढवल्याची बातमी आहे, अशी कल्पना करू. ‘हा निर्णय म्हणजे शुद्ध मूर्खपणा’ ही प्रतिक्रिया दुसऱ्या प्रकारात जाते आणि ‘निर्णय घेणारे मूर्ख आहेत’ ही पहिल्या. ‘मूर्ख’ हा शब्द किती लागतो, याचा अंदाज प्रत्येक वाचक वेगळा करील. वाक्यात तो कोणाला उद्देशून आला आहे, याचे उत्तर मात्र बहुधा एकच निघते. चांगल्या नियमाची हीच खूण आहे. तो वाचणाऱ्याला ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारत नाही, ‘वाक्यात काय आहे’ असे विचारतो.

मराठीत आले की हे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. ‘उंटावरचे शहाणे जमले आहेत सगळे’ असे कोणी लिहिले, तर यात शिवी कुठेच नाही, उलट ‘शहाणे’ हा शब्द आहे. तरीही हे माणसांना नावे ठेवणेच आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ‘गाढवापुढे वाचली गीता’ यात गाढव कोण, हे लिहिणारा सांगत नाही, पण ऐकणाऱ्याला कळते. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ हा नुसता टोमणा मानायचा की खोटेपणाचा आरोप? त्याहून अवघड आहे ते एकेरी संबोधन. लोकप्रतिनिधीला ‘तू’ म्हणणे हा अवमान धरायचा का? आपण देवाला आणि आईलाही ‘तू’ म्हणतो, आणि आवडत्या क्रिकेटपटूचा उल्लेख एकेरीच करतो. असे प्रश्न वाचता वाचता सोडवायचे म्हटले, तर सोमवारी एक उत्तर निघते आणि गुरुवारी दुसरे. म्हणून ते आधी नियमपुस्तिकेत सोडवावे लागतात : वाक्प्रचार किंवा म्हण माणसाला लागू केली असेल तर ‘नावे ठेवणे’, केवळ एकेरी संबोधन असेल आणि सोबत दुसरे हिणवणारे पद नसेल तर अवमान धरू नये. दुसरा नियम काहींना पटणार नाही. त्याला हरकत नाही. तो सगळ्यांना पटण्यापेक्षा सगळ्यांनी सारखा पाळणे इथे महत्त्वाचे आहे, आणि न पटणाऱ्याला आकडा कशामुळे तसा आला हे दिसते.

लेबल लावण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, नमुना कसा घ्यायचा. सगळ्यात वरच्या प्रतिक्रिया उचलल्या तर त्या बहुधा सर्वांत ताज्या किंवा सर्वांत गाजलेल्या असतात, सरासरी नव्हेत. सर्व प्रतिक्रियांना अनुक्रमांक देऊन त्यातून चिठ्ठ्या काढाव्यात तसे आकडे काढणे बरे. संपादकांनी आधीच काढून टाकलेला मजकूर या नमुन्यात येत नाही, हेही सोबत नोंदवावे. सर्वांत वाईट भाषा कदाचित तिथेच गेलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे एकक. पाच वाक्यांच्या प्रतिक्रियेत चार वाक्ये सभ्य आणि एक शिवराळ असेल तर काय करायचे? ‘संपूर्ण प्रतिक्रिया हे एक एकक, तिच्यात एकही नमुना आढळला तरी लेबल लावावे’ असे एका ओळीत लिहून ठेवले की हा वाद उद्भवत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दोन वाचकांना त्याच शंभर प्रतिक्रिया दिल्या आणि प्रत्येकीपुढे ‘अवमानकारक’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायला सांगितले. दोघे स्वतंत्र बसतात. एकमेकांना विचारणे वर्ज्य, कारण विचारून आलेले एकमत नियमाचे नसते, संभाषणाचे असते. पहिल्याने २० अवमानकारक ठरवल्या, दुसऱ्याने १६. दोघांनी मिळून अवमानकारक म्हटलेल्या केवळ ८ निघाल्या आणि दोघांनीही ‘नाही’ म्हटलेल्या ७२. म्हणजे शंभरपैकी ८० ठिकाणी एकमत झाले.

ऐंशी टक्के हा आकडा ऐकायला समाधानकारक वाटतो, पण तो फसवा आहे. बहुतेक प्रतिक्रिया सभ्यच असतात. डोळे मिटून ‘नाही, नाही’ लिहीत गेले तरी बरेचसे एकमत आपोआप होते. ते किती, याचा हिशेब करता येतो. पहिला वाचक ८० टक्के वेळा ‘नाही’ म्हणतो, दुसरा ८४ टक्के वेळा. निव्वळ योगायोगाने दोघांचे ‘नाही’ जुळण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे सुमारे ६७ टक्के. दोघांचे ‘होय’ योगायोगाने जुळण्याची शक्यता २० टक्के आणि १६ टक्के यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ३ टक्के. एकूण ७० टक्के एकमत नियम न वाचताही पदरात पडले असते. योगायोगापलीकडे कमावण्यासारखे उरले होते ३० टक्के, आणि कमावले जेमतेम १०. हे गुणोत्तर ०.३२ येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेले हेच ते माप. त्याला ग्रीक अक्षरावरून ‘काप्पा’ म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘कप्पा’ ऐकू येतो, आणि काम कप्प्यांचेच असल्याने नाव शोभतेही.

काप्पा किती असावा, यावर एकवाक्यता नाही. आशय-विश्लेषणाचे अभ्यासक क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी आपल्या ‘अल्फा’ या मापासाठी ०.८० ही अपेक्षित पातळी सांगितली आणि ०.६६७ ते ०.८० दरम्यान केवळ सावध, तात्पुरते निष्कर्ष काढावेत असे म्हटले. कोणत्याही मोजपट्टीने पाहिले तरी ०.३२ हा आकडा छापण्याजोगा नाही.

अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एक चुकीची वाट धरली जाते. दोघे एकत्र बसतात, २० मतभेद चर्चेने मिटवतात आणि आता शंभर टक्के एकमत झाले असे जाहीर करतात. यातून नियमांबद्दल काहीही सिद्ध होत नाही. दोघांपैकी अधिक ठासून बोलणारा कोण, एवढे फार तर कळते. चर्चा जरूर करावी, पण मतभेद कुठे दाटले आहेत ते शोधण्यासाठी. आपल्या उदाहरणात समजा २० पैकी ११ उपरोधाचे निघाले : ‘वा, केवढी ही दूरदृष्टी! नगरसेवकांचा सत्कारच करायला हवा.’ पहिल्या वाचकाने हा टोमणा अवमान धरला, दुसऱ्याने शब्दशः वाचून सोडून दिला. ५ ठिकाणी माणूस की निर्णय असा घोळ होता. उरलेल्या ४ मध्ये लिहिणाऱ्याने दुसऱ्याचा अपशब्द केवळ निषेधासाठी उद्धृत केला होता.

वीस भांडणे खरे तर तीन प्रश्नांवर येऊन थांबली. पुस्तिकेत तीन नियम वाढले. उपरोध तेव्हाच अवमान धरावा, जेव्हा स्तुतीचा शब्द थेट व्यक्तीला लावलेला असून बातमीतील माहिती त्याच्या उघड विरुद्ध असेल. शंका असल्यास धरू नये. निर्णयावरची टीका या लेबलातून वगळावी. उद्धृत केलेला अपशब्द लिहिणाऱ्याच्या नावावर टाकू नये. प्रत्येक नियमाखाली एक बसणारे आणि एक न बसणारे उदाहरण लिहिले. हे न बसणारे उदाहरण फार उपयोगी पडते, कारण कुंपण कुठे आहे ते त्यावरून कळते.

फेरचाचणी मात्र नव्या शंभर प्रतिक्रियांवरच घ्यावी. जुन्यांची उत्तरे आता दोघांना पाठ झालेली असतात. समजा नव्या फेरीत दोघांनीही प्रत्येकी २० अवमानकारक ठरवल्या, त्यांपैकी १७ समान निघाल्या, आणि ७७ वर दोघांचे ‘नाही’ जुळले. एकमत ९४ टक्के, योगायोगाचा वाटा ६८ टक्के, काप्पा ०.८१. आता उरलेल्या हजारभर प्रतिक्रिया वाटून घ्यायला हरकत नाही. तरीही मधूनमधून काही प्रतिक्रिया दोघांकडूनही वाचून घ्याव्यात, कारण तीनशे शिव्या वाचल्यानंतर तीनशे एकावी तितकीशी बोचत नाही आणि वाचकाची मोजपट्टी नकळत सैल होते.

एक मर्यादा मात्र काप्पा कितीही वाढला तरी राहते. ‘मूर्ख हा शब्द आला की लेबल लावा’ असा नियम केला, तर दोन वाचकच काय, दोनशे वाचकही पूर्ण एकमत दाखवतील. पण उंटावरचे सगळे शहाणे त्यातून सुटतील आणि ‘मला मूर्ख समजू नका’ असे विनवणारा सज्जन पकडला जाईल. एकमत झाले म्हणजे नियम सारखा पाळला गेला, इतकेच. तो योग्य गोष्ट मोजतो का, हे ठरवायला नियमपुस्तिका आणि पाचपन्नास मूळ प्रतिक्रिया शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. म्हणूनच अशा अभ्यासाचा आकडा कोणी सांगितला, तर आधी ती पुस्तिका पाहायला मागावी.