तक्रार मराठीत, चौकशी इंग्रजीत

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रार लेखी हवी एवढेच म्हणतो. ती कोणत्या भाषेत हवी याची अट त्यात कुठेही नाही. एखाद्या बाईला स्वतः लिहिता येत नसेल, तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी तिला तक्रार लिहायला मदत करायची, असेही कलम ९ सांगते. सरकारी कार्यालयांच्या बाबतीत तर राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद आहे. त्यानुसार कोणीही आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडू शकतो. तेव्हा मराठीत लिहिण्याचा अधिकार पक्का आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मोठ्या कंपनीतल्या अंतर्गत समितीत एखादा सदस्य परप्रांतातला असतो, बाहेरून घेतलेल्या सदस्याला मराठी जेमतेम येते, अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो. मग कोणीतरी त्या अर्जाचे भाषांतर करते आणि पुढची चौकशी त्या भाषांतरावर चालते.

उदाहरणादाखल एक अर्ज घेऊ. तो कल्पित आहे, पण असे अर्ज लिहिले जातात तसाच. कारखान्याच्या कँटीनमध्ये कंत्राटावर काम करणारी बाई लिहिते: ‘गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला स्टोअरमध्ये बोलावले. ते म्हणाले, तू आज थांब, माझे तुझ्याकडे काम आहे. मी नको म्हटले तर मला खूप बोलले. मग नको तिथे हात लावला. याआधीही मला एकटीलाच थांबवायचे.’

मराठी माणसाला यात काहीही संदिग्ध वाटणार नाही. आता घाईत झालेले भाषांतर पाहू. साहेबांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात आहे. मराठी जेमतेम जाणणारा भाषांतरकार किंवा फोनवरचे भाषांतराचे अॅप ‘ते म्हणाले’चे ‘दे सेड’ करून टाकते. पुढच्या वाक्यांत कर्ता लिहिलेलाच नाही, कारण मराठीत तो गृहीत असतो. इंग्रजीत मात्र तो घालावा लागतो, म्हणून तिथेही ‘दे’ येते. म्हणजे स्टोअरमध्ये आता दोन-तीन पुरुष झाले. ‘मला खूप बोलले’ म्हणजे रागावले, टाकून बोलले. भाषांतरात ते ‘माझ्याशी पुष्कळ गप्पा मारल्या’ असे होते. ‘थांबवायचे’ या क्रियापदात वारंवारता आहे, हे महिनोन्महिने चालले होते हे त्यातून कळते. भाषांतरात साधा भूतकाळ आला की ते एकदाच घडलेले वाटते. ‘दुसऱ्या दिवशी’चा दुसरा अंक करून टाकला, तर घटना विसर्जनाच्या आदल्या दिवशीही जाऊन पडू शकते.

हे चौकशीत कसे बाधते ते पाहा. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. त्यातली एक प्रत समितीने सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्या व्यक्तीला पाठवायची आणि तिने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. त्या प्रतीसोबत चुकीचे इंग्रजी गेले, की उत्तर त्या इंग्रजीलाच येते: तक्रारीत अनेक माणसे आहेत, बाकीचे कोण? मग सुनावणीत बाई मराठीत सांगते, ‘एकच साहेब होते.’ तिने आपली गोष्ट बदलली, अशी नोंद होते. तिने काहीच बदललेले नसते. तारखेचेही तसेच. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, आणि कारणे नोंदवून समिती आणखी तीन महिनेच वाढवू शकते. मुदतीच्या काठावरच्या अर्जात एक-दोन दिवसांची चूकही महागात पडते.

म्हणून भाषांतर त्या सात दिवसांच्या आत तपासून झाले पाहिजे. तपासणीची पद्धत सोपी आहे. मूळ अर्ज न पाहिलेल्या आणि मराठी चांगली येणाऱ्या सदस्याने इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत सांगायचा आणि तो तक्रारदार बाईसमोर, तिला कळेल अशा बोलीत, सांगायचा. कान ठेवायचा तो मोजक्याच गोष्टींवर: माणसे किती, प्रसंग किती वेळा, कोणी कोणाला काय केले, नेमके काय उद्गार काढले. ‘गप्पा मारल्या’ ऐकताच ती बाई तिथेच थांबवील. दुरुस्त्या झाल्यावर ‘मला वाचून दाखवले, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे’ असे लिहून तारखेसह तिची सही घ्यायची. भाषांतर कोणी केले त्याचे नावही खाली हवे. ही व्यक्ती साहेबांच्या हाताखालची असता कामा नये, आणि तिने गोपनीयता पाळलीच पाहिजे; कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर बाहेर जाता कामा नये.

भाषांतरकाराला सर्वांत मोठा मोह होतो तो सुधारण्याचा. ‘नको तिथे हात लावला’ हे बाईने लाजेपोटी लिहिलेले असते. भाषांतरकार आपल्या अंदाजाने अवयवाचे नाव घालतो, किंवा ‘विनयभंग केला’ असा कायद्याचा शब्द वापरून मोकळा होतो. दोन्ही चूक. भाषांतरात ‘जिथे हात लावू नये तिथे’ एवढेच यावे. नेमके कुठे, हे समितीने तिला विचारायचे, शक्यतो स्त्री सदस्याने आणि घाई न करता. तिचे उत्तर वेगळ्या पुरवणी जबाबात, तारीख घालून, तिच्या सहीने यावे. मूळ अर्जात ते मागाहून मिसळले, तर तिने आधी काय लिहिले होते हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. सणाच्या दिवसाचेही तसेच करावे. ‘गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी’ हे शब्द तसेच ठेवून कॅलेंडरवरची तारीख चौकोनी कंसात द्यावी, म्हणजे ती भाषांतरकाराने घातली आहे हे दिसते.

काही गोष्टी इंग्रजीत उतरतच नाहीत. साहेब एरवी सगळ्या बायकांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि त्या दिवशी एकदम ‘तू’वर येतात, हा पुरावाच आहे, तिला तो कानाला लगेच जाणवला असणार. इंग्रजीतल्या एका सर्वनामात तो बुडून जातो. माझ्या मते अशा ठिकाणी तळटीप द्यायलाच हवी. शिव्या, धमक्या आणि अश्लील बोलणे तर मूळ मराठी शब्दांत, देवनागरीत, भाषांतराच्या शेजारी लिहावे. शिवी सौम्य करून लिहिणे हा सभ्यपणा नाही, त्याने पुरावा पातळ होतो.

अर्ज लिहिणाऱ्या बाईच्या हातातही काही गोष्टी आहेत, आणि त्यासाठी शुद्ध मराठी लागत नाही. ‘त्रास दिला’, ‘वाईट वागले’ असे मोघम न लिहिता काय केले ते लिहावे. ‘साहेब’च्या जागी पहिल्यांदा पूर्ण नाव आणि हुद्दा लिहावा. ‘परवा’ टाळावे, तो मागचाही असतो आणि पुढचाही. प्रत्येक प्रसंगाला वेगळा परिच्छेद आणि क्रमांक द्यावा. तेच क्रमांक भाषांतरात ठेवले, की समितीतल्या कोणालाही तिसरा परिच्छेद मूळाशी पडताळता येतो. अर्जाची सही केलेली एक प्रत पोचपावतीसह स्वतःजवळ ठेवावी.

चौकशी नव्वद दिवसांत संपवून समिती दहा दिवसांत अहवाल देते, आणि त्यावर नव्वद दिवसांत अपील करता येते. अपील ऐकणाऱ्यासमोर ती बाई आधी बोललेली नसते, त्याच्यापुढे फक्त कागद असतात. त्या गठ्ठ्यात इंग्रजी भाषांतराच्या वर मराठी मूळ अर्ज लावलेला असावा, आणि दोन्हींत फरक पडला तर मूळ मराठी ग्राह्य धरावे असे समितीने पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावे.