इकडे सकाळ, तिकडे कालची रात्र

पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहणाऱ्या मुलीच्या घरी आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ. अशा वेळी आईने ‘सुप्रभात’ म्हणावे की ‘शुभ रात्री’, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मात्र घड्याळाचा हिशेब चुकला, तर वाढदिवसाची शुभेच्छाही भलत्याच दिवशी पोहोचते.

भारतात वर्षभर एकच प्रमाणवेळ असते. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केली जातात. हे वेळापत्रक तेथे 2007 पासून लागू आहे. त्यामुळे कॅलिफोर्निया भारताच्या उन्हाळ्यात साडेबारा, तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. तोंडी हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल करून अर्धा तास वजा करावा; हिवाळ्यात दीड तास. पुण्यातून रात्री आठला नेहमीप्रमाणे केलेला फोन उन्हाळ्यात तेथे सकाळी साडेसातला वाजतो, तर नोव्हेंबरनंतर साडेसहालाच. मुलगी झोपेतून उठून बोलू लागली, की वेळ बदलल्याचे घरच्यांच्या ध्यानात येते.

दुसरी गफलत तारखेची. समजा, मुलीचा वाढदिवस 10 नोव्हेंबरला आहे. आईने 10 तारखेला सकाळी आठला फोन केला, तर सॅन होजेत 9 तारखेची संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तोच फोन रात्री आठला केल्यास तेथे 10 तारखेची सकाळ असते आणि शुभेच्छा वेळेवर पोहोचते. आईचा वाढदिवस असल्यास गणित उलटते. मुलीने आपल्या 10 तारखेची सकाळ उजाडेपर्यंत वाट पाहिली, तर पुण्यात रात्र झालेली असते. तिने 9 तारखेच्या संध्याकाळीच फोन केला पाहिजे. थोडक्यात, भारतातील सकाळ ही तेथील ‘काल’ असते, तर भारतातील रात्र ही तेथील ‘आज’.

राहिला प्रश्न शब्दांचा. ‘सुप्रभात’ आणि ‘शुभ रात्री’ हे इंग्रजी रिवाजाच्या धर्तीवर रुळलेले शब्द घड्याळाला बांधलेले आहेत. मराठीतील ‘नमस्कार’ आणि ‘राम राम’ यांना प्रहराचे बंधन नाही. घरात तर अभिवादनाऐवजी चौकशीच अधिक चालते. ‘चहा झाला का?’ की ‘जेवलीस का?’ हे विचारताना आई समोरच्याचे घड्याळ पाहते. म्हणूनच शुभेच्छा ऐकणाऱ्याच्या वेळेनुसार द्यावी, हा संकेत सोयीचा ठरतो. फोन ठेवताना आईने ‘झोप आता, उशीर झाला’ म्हणावे आणि मुलीने ‘तुझा दिवस चांगला जावो’ असे उत्तर द्यावे, यात विसंगती काहीच नाही.