खांब तीस मिलिमीटर सरकला की काय होते

दुकानाच्या आत लोखंडी माळा करायचा आहे. वरचा बीम आणि खालचा पाया एका ओळंब्यात आहेत, पण पाइपचा खांब नेमका शटरच्या पट्टीला अडतो. फॅब्रिकेटर खांब तीस मिलिमीटर आत घेतो. वरची कॅप प्लेट आणि खालची बेस प्लेट जागच्या जागीच राहतात, फक्त पाइप त्यांच्या मध्यावर न जोडता थोडा बाजूला वेल्ड होतो. ओळंबा लावून पाहिले तर खांब सरळ उभा आहे. तीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त. एवढ्याने बिघडणार काय, असे कुणालाही वाटेल. खरे तर एवढ्याने त्या खांबाची ताकद एक तृतीयांश उरते. हे कसे होते, ते सेकंट सूत्राने आकड्यांत मांडता येते.

आपला पाइप बाजारात सहज मिळणारा आहे. बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, जाडी ४.५ मिलिमीटर, उंची साडेतीन मीटर. पोलादाचा यील्ड २४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे त्यापलीकडे दाबले की पोलाद पूर्ववत होत नाही. पाइपच्या काटछेदात पोलादाचे क्षेत्रफळ सुमारे १,५५२ चौरस मिलिमीटर भरते. भार अगदी मध्यातून गेला, तर हे सगळे पोलाद यील्डला पोहोचायला सुमारे ३७२ किलोन्यूटन लागतात. दहा किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक टन, तेव्हा हे ३७ टन झाले.

उंच खांबाला दुसरीही एक मर्यादा असते. प्लास्टिकची लांब पट्टी उभी धरून वरून दाबली की ती चुरडत नाही, एकदम बाजूला वाकते. असे वाकणे किती भाराला सुरू होईल, याचे सूत्र लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये दिले. दोन्ही टोके बिजागरीसारखी फिरू शकतात असे धरले, तर आपल्या पाइपसाठी हा ऑयलर भार ३७८ किलोन्यूटन येतो. म्हणजे चुरडण्याची आणि वाकण्याची मर्यादा जवळजवळ एकच आहे.

ऑयलरचा खांब मात्र अगदी सरळ असतो आणि त्याचा भार मध्यातूनच जातो. प्रत्यक्षात भाराची रेषा खांबाच्या अक्षापासून थोडी बाजूला असते. या अंतराला उत्केंद्रता म्हणतात आणि सूत्रात ती e या अक्षराने दाखवतात. थॉमस यंग यांनी १८०७ मध्येच अशा बाजूला पडलेल्या भाराचा विचार केला होता. पोलादाची लवचिकता सांगणारा यंग गुणांकही त्यांच्याच नावाचा.

भार बाजूला असला की तो खांबाला दाबतो आणि वाकवतोही. आत घेतलेल्या खांबात भाराच्या बाजूची कड जास्त दाबली जाते आणि समोरच्या कडेवरचा दाब कमी होतो. इथवरचे गणित सोपे आहे, आखूड ठोकळ्यालाही तेच लागू पडते. उंच खांबात मात्र गोष्ट इथे थांबत नाही. खांब जरासा वाकला की त्याचा मध्य भाराच्या रेषेपासून आणखी दूर जातो. दूर गेला की त्याच भाराची वाकवण्याची ताकद वाढते, खांब आणखी वाकतो, मध्य आणखी दूर जातो. ही साखळी एका ठिकाणी येऊन स्थिरावते. कुठे स्थिरावते ते हे सूत्र सांगते:

σmax = (P/A) [ 1 + (ec/r²) sec( (L/2r) √(P/EA) ) ]

कंसाबाहेरचे P/A म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, अर्थात सरासरी दाब. कंसातला १ हा निव्वळ दाबाचा वाटा. ec/r² हा वाकण्याचा वाटा. त्यात c म्हणजे अक्षापासून सर्वांत लांबच्या कडेपर्यंतचे अंतर, इथे ५७.१५ मिलिमीटर. r म्हणजे घूर्णन त्रिज्या, पोलाद अक्षापासून किती लांब पसरले आहे याचे माप, आपल्या पाइपसाठी सुमारे ३८.९ मिलिमीटर. E हा यंग गुणांक, पोलादासाठी दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. वाकण्याने वाकणे वाढते ती साखळी शेवटच्या sec मध्ये आहे.

दहावीच्या त्रिकोणमितीत भेटलेला हाच तो sec. शून्य अंशाला त्याची किंमत १ असते आणि नव्वद अंशांकडे जाताना ती बेसुमार वाढते. सूत्रातला कोन किचकट दिसतो, पण तो अंशांत मांडला तर सोपा होतो. प्रत्यक्ष भाराला ऑयलर भाराने भागा, वर्गमूळ काढा आणि नव्वदने गुणा. भार ऑयलर भाराजवळ गेला की कोन नव्वदकडे सरकतो आणि वाकणे हाताबाहेर जाते. ऑयलरचे जुने सूत्र असे या सूत्राच्या पोटातच आहे, आणि मला यातले सर्वांत देखणे तेच वाटते.

आता माळ्याकडून खांबावर ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे आठ टन, येतात असे धरू. सरासरी दाब ५१.५. तीस मिलिमीटरच्या उत्केंद्रतेसाठी ec/r² येते १.१४. ऐंशीला ३७८ने भागून वर्गमूळ घेतले की ०.४६, म्हणजे कोन ४१.४ अंश आणि sec सुमारे १.३३. सगळे मिळून भाराकडच्या कडेवर १३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, सरासरीच्या अडीचपट. त्याच वेळी खांबाचा मध्य सुमारे १० मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे मध्यावर खरी उत्केंद्रता तीस नव्हे, चाळीस झाली.

हे दहा मिलिमीटर जागेवर मोजता येतात. माळ्यावर माल भरलेला असताना पाइपच्या एकाच बाजूने वर आणि खाली दोरी ताणून बांधायची आणि मध्यावर दोरी व पाइप यांतली फट पट्टीने पाहायची. पाइप कारखान्यातून आला तेव्हाच थोडा वाकडा असू शकतो, म्हणून रिकाम्या माळ्याचे मापही हवे. भार वाढतो त्यापेक्षा वेगाने फट वाढत असेल, तर सूत्रातला sec जागा झाला आहे असे समजावे.

भार दुप्पट करून १६० किलोन्यूटन केला, तर कडेवरचा दाब दुप्पट व्हायला हवा, असे मन सांगते. पण कोन ५८.६ अंशांवर जातो, sec १.९२ होतो आणि उत्तर येते ३२८. भार दुप्पट, प्रतिबल अडीचपट. हा आकडा यील्डच्या कितीतरी वर असल्याने हा खांब तिथवर धड पोहोचणारच नाही. कड यील्डला नेमकी कधी लागते हे शोधायला P थेट सोडवता येत नाही, कारण तो sec च्या आतही आहे आणि बाहेरही. अंदाजाने आकडा घालायचा, उत्तर पाहायचे, पुन्हा घालायचा. १२० ला २१६ येतात, १३० ला २४१. तेव्हा मर्यादा १३० किलोन्यूटन. भार मध्यातून जाता तर ३७२ होती.

या वाकड्या वाढीमुळे एक चूक वारंवार होते. सुरक्षेसाठी १.६७ चा गुणक ठेवायचा म्हणून कुणी २४० ला १.६७ ने भागून १४४ हे अनुज्ञेय प्रतिबल ठरवतो आणि त्यातून भार काढतो. तो ८७ किलोन्यूटन येतो. पण १३० ला ८७ ने भागले तर १.४९ उरते. कागदावर लिहिलेली सुरक्षा जागेवर नसते. या सूत्रात गुणक भाराला लावायचा असतो, प्रतिबलाला नाही. आधी यील्डचा भार काढा, मग त्याला १.६७ ने भागा. सुरक्षित भार ७८ किलोन्यूटन.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. सूत्र जसेच्या तसे वापरले तर कंसातला कोन रेडियनमध्ये येतो, ऐंशी किलोन्यूटनला ०.७२. कॅल्क्युलेटर अंशांवर असला तर तो पाऊण अंशाहूनही कमी धरतो, sec जवळजवळ १ येतो आणि १३० ऐवजी ११० मिळतात. उत्तर चुकले असे दिसतही नाही. ओळखायची खूण एकच. sec न घेता आखूड ठोकळ्याचे गणित करून पाहा. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली, तर कॅल्क्युलेटरचे बटण तपासा.

उत्केंद्रता बदलली की मर्यादा कशी बदलते ते पाहिले, तर तीस मिलिमीटरपेक्षाही मोठा धक्का बसतो. फक्त दोन मिलिमीटर चुकले तर ३७२ चे सुमारे २७८ होतात. दहाला १९७, तीसला १३०. पहिल्या काही मिलिमीटरांनाच सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. आणि दोन मिलिमीटरपर्यंत अचूक काम कोणत्या साइटवर होते?

म्हणूनच पोलादी बांधकामाच्या आपल्या IS 800 या मानकाने १९६२ च्या आवृत्तीत सेकंट सूत्रच घेतले होते, तेही मध्यातून भार घेणाऱ्या खांबांसाठी. त्यात ec/r² सरसकट ०.२० धरले होते. आपल्या पाइपच्या हिशेबाने ही सुमारे पाच मिलिमीटरची उत्केंद्रता झाली. नकाशात भार मध्यातून दाखवला असला तरी जागेवर तो तसा नसेल, हे मानकाने गृहीतच धरले. १९८४ मध्ये त्याची जागा मर्चंट-रँकिन सूत्राने घेतली आणि २००७ मध्ये पेरी-रॉबर्टसन पद्धत आली. त्या नव्या पद्धतीतही खांब आणि भार यांच्या दोषांसाठी एक गुणांक आहेच.

सेकंट सूत्राच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. दोन्ही टोकांना उत्केंद्रता सारखी आणि एकाच बाजूला असेल, तेव्हाच ते नेमके लागू पडते. आपला सरकवलेला पाइप तसाच आहे. फक्त वरच्याच टोकाला भार बाजूला असेल, तर परिस्थिती इतकी वाईट नसते आणि सूत्र गरजेपेक्षा जास्त सावध उत्तर देते. सूत्र सांगते ते कडेच्या पहिल्या यील्डचे, पूर्ण कोसळण्याचे नाही. आणि पाइपऐवजी आय सेक्शन असेल, तर भार त्याच्या दणकट दिशेने बाजूला असतानाही तो कमजोर दिशेने वाकून जाऊ शकतो. तो हिशेब वेगळा करावाच लागतो. पाइप सगळ्या दिशांना सारखा असल्याने इथे ती अडचण नाही.

माळ्यावर आठ टनच येणार असतील, तर ७८ किलोन्यूटनचा खांब थोडक्यात कमी पडतो. अशा वेळी बहुतेक जण जाड पाइप घ्यायला सांगतात. त्याच व्यासाचा ५.४ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला, तर पोलाद एकोणीस टक्के वाढते आणि यील्डचा भार १३० वरून सुमारे १५२ किलोन्यूटन होतो. तोच जुना पाइप शटरची पट्टी कापून वीस मिलिमीटर भाराच्या रेषेकडे आणला, तर १९७ किलोन्यूटन मिळतात.