लॉगच्या गणितातले उपरे उत्तर

अकरावीत शिकणाऱ्या भाचीने रात्री व्हॉट्सॲपवर वर्कशीटचा फोटो पाठवला. कागद तिरका, वरच्या कोपऱ्यावर तिच्याच हाताची सावली. खाली लिहिले होते, "मामा, माझी उत्तरं एक आणि सात आली. उत्तरसूचीत फक्त सात आहे. माझं एक कुठे चुकलं?"

तिने वहीचे पानही पाठवले होते. मी ते ओळ न् ओळ तपासले. एकही पायरी चुकली नव्हती, तरीही एक हे उत्तर नव्हतेच. लॉगच्या समीकरणांमध्ये अशी वेळ वारंवार येते आणि मुले तेवढ्यापुरते ते उत्तर खोडून पुढे जातात. ते वहीत आले कसे, हे मात्र समजून घ्यायचे राहून जाते.

मी आधी फोटो मोठा करून गणित नीट वाचले. लॉगच्या पायाशी लिहिलेला बारीक अंक फोटोत हमखास पुसट होतो. इथेही तो डागासारखा दिसत होता. शाळेच्या पुस्तकांत पाया लिहिलेला नसला, की तो बहुधा दहा धरतात. तसा धरून सोडवले असते, तर x² − 8x − 985 = 0 असे समीकरण आले असते आणि उत्तर 4 + √1001, म्हणजे साधारण 35.64. वर्कशीटमधली गणिते बहुधा सुटसुटीत उत्तर यावे अशीच बेतलेली असतात. त्यामुळे असे वेडेवाकडे उत्तर दिसले, की आकडेमोडीआधी फोटोकडे परत जावे. चुकीच्या वाचलेल्या समीकरणात ते उत्तर घालून पाहिले तर ताळा बिनचूक जमतो, म्हणून ताळ्याच्या भरवशावर ही चूक सापडत नाही. घातांकाचेही असेच आहे. वर चढवलेले x + 1 फोटोत खाली घसरल्यासारखे दिसले, तर दोनाचा x+1 वा घात आणि दोनाच्या x व्या घातात मिळवलेला एक यांची गल्लत होते.

डाग म्हणजे दोन, याची भाचीकडून खात्री करून घेतली. गणित असे होते:

log₂(x − 3) + log₂(x − 5) = 3

log₂8 म्हणजे दोनाचा कितवा घात घेतला की आठ मिळतात, या प्रश्नाचे उत्तर. ते तीन. दोनाचा कुठलाही घात घ्या, तो शून्याहून मोठाच निघतो. उणे तिसरा घात घेतला तरी एक अष्टमांश मिळतो, उणे आठ कधीच मिळत नाहीत. म्हणून log₂(−8) याला वास्तव संख्यांमध्ये अर्थच नाही. लॉगच्या कंसात जे असेल ते धन हवे, ही अट समीकरणात कुठे लिहिलेली नसली तरी पहिल्या ओळीपासून लागू असते. इथे कंस दोन आहेत. x हा तीनाहून मोठा हवा आणि पाचाहूनही मोठा हवा. दोन्ही अटी मिळून x > 5.

आता भाचीच्या पायऱ्या पाहू. दोन लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, म्हणून तिने लिहिले:

log₂[(x − 3)(x − 5)] = 3
(x − 3)(x − 5) = 8
x² − 8x + 7 = 0
(x − 7)(x − 1) = 0

मग x = 7 किंवा x = 1. आता दोन्ही उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहू. सात घातले तर कंसांत चार आणि दोन येतात. त्यांचे लॉग दोन आणि एक, बेरीज तीन. ताळा जमला. एक घातले तर कंसांत उणे दोन आणि उणे चार येतात. दोन्ही लॉग अर्थहीन, म्हणजे बेरीज करायला काही उरतच नाही.

पण उणे दोन गुणिले उणे चार बरोबर अधिक आठ. भाचीच्या दुसऱ्या ओळीत लॉग फक्त गुणाकाराचा आहे आणि तो गुणाकार धन आहे, म्हणून त्या ओळीला एक हे उत्तर चालते. पहिल्या ओळीची अट होती की दोन्ही कंस धन हवेत. दुसऱ्या ओळीची अट एवढीच, की त्यांचा गुणाकार धन हवा. अट सैल झाली आणि त्या फटीतून एक आत आला. अशा उत्तराला मी उपरे मूळ म्हणतो. ते शेवटच्या वर्गसमीकरणाचे खरे मूळ असते, मूळ प्रश्नाचे नसते. म्हणून ताळा पहिल्या, जशी छापली आहे तशा ओळीत घ्यायचा. मधल्या ओळीत घेतला तर उपरे मूळही खुशाल पास होते.

"म्हणजे ऋण उत्तर आलं की खोडायचं ना?" भाचीने फोनवर विचारले. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. तिच्याच गणितात खोडलेला एक धन होता. उलट हे पाहा:

log₁₀(x² − 3x) = 1

यातून x² − 3x − 10 = 0 मिळते आणि उत्तरे पाच व उणे दोन. उणे दोन घातले तर कंसात चार अधिक सहा, म्हणजे दहा येतात. दहाचा लॉग एक. दोन्ही उत्तरे बरोबर. चिन्ह पाहायचे ते कंसात जे तयार होते त्याचे, x चे नव्हे.

घातांकाच्या समीकरणात हीच गोष्ट वेगळ्या जागी भेटते. त्याच वर्कशीटवर पुढे होते:

4ˣ − 6·2ˣ − 16 = 0

इथे 2ˣ ला y म्हटले की y² − 6y − 16 = 0 होते, आणि y = 8 किंवा y = −2. दोनाचा कुठलाही घात ऋण नसतो, म्हणून उणे दोन इथेच गळते. आठावरून x = 3. ताळा: 64 − 48 − 16 = 0. मात्र y = 1/8 आले असते, तर x = −3 हे ऋण उत्तर बिनदिक्कत ठेवायचे. अट y वर आहे, x वर नाही.

ताळ्याची आणखी एक मर्यादा तिला सांगितली. तो जास्तीचे उत्तर पकडतो, हरवलेले परत आणत नाही. log₁₀(x²) = 4 सोडवताना सवयीने 2 log₁₀x = 4 लिहिले, की फक्त शंभर मिळते. उणे शंभराचाही वर्ग दहा हजारच, म्हणजे तेही खरे उत्तर. पण घात पुढे आणताना कंसात एकटा x उरला, अट आवळली गेली आणि ते बाहेर राहिले. जे वहीत आलेच नाही त्याचा ताळा घेणार कसा? म्हणून बेरजेचा गुणाकार करताना किंवा घात पुढे आणताना त्याच ओळीशी थांबून पाहावे, की x वरची अट सैल झाली का आवळली.

थोड्या वेळाने भाचीचा नवा फोटो आला. या वेळी गणिताच्या पहिल्याच ओळीशेजारी समासात x > 5 लिहिलेले होते. शेवटी x = 1 वर काट मारून तिने पुढे कारण दिले होते: "कंसात −2 येतात."