पांढरा डाग कुठे आहे?

अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण मध्यरात्री छातीत दुखते म्हणून इस्पितळात येतो. आठवड्यापूर्वी त्याला ताप आणि घसादुखी होऊन गेलेली असते. ईसीजी बिघडलेला दिसतो आणि रक्तातले ट्रोपोनिन चांगलेच वाढलेले असते. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूंच्या पेशींमधले प्रथिन. ते रक्तात उतरले याचा अर्थ पेशींना इजा झाली आहे. तातडीने अँजिओग्राफी होते आणि हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात. कुठेही गुठळी नाही, अडथळा नाही. घरच्यांना हायसे वाटते, डॉक्टरांचा प्रश्न मात्र सुटलेला नसतो: रक्तवाहिन्या उघड्या असताना स्नायूला इजा कशाने झाली?

हा कुणा एकाचा किस्सा नाही. हृदयरोग विभागात असे रुग्ण वरचेवर येतात. अशा वेळी ज्या तपासणीकडे डॉक्टर वळतात, तिचे नाव लेट गॅडोलिनियम एनहान्समेंट. हृदयाच्या एमआरआयचा हा एक भाग आहे आणि त्याची सगळी किमया नावातल्या पहिल्या शब्दात, म्हणजे ‘लेट’मध्ये आहे.

गॅडोलिनियम हा धातू एकटा शरीरात सोडला तर विषारी असतो. म्हणून तो एका मोठ्या रेणूच्या पकडीत घट्ट बसवून शिरेतून दिला जातो. हे औषध रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते, पण निरोगी पेशीच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. त्याला जागा मिळते ती फक्त दोन पेशींच्या मधल्या फटीत. निरोगी हृदयस्नायूत पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या असतात, की पेशींबाहेरची जागा साधारण एक चतुर्थांशच उरते. त्यामुळे औषध थोडेच शिरते आणि रक्त वाहते तसे लवकर धुऊनही जाते.

पेशी मेल्या की चित्र पालटते. ताज्या इजेत पेशींची आवरणे फुटलेली असतात, त्यामुळे एरवी बंद असलेली जागा औषधाला मोकळी होते. जुन्या इजेत मेलेल्या पेशींच्या जागी तंतुमय व्रण तयार झालेला असतो. त्या तंतूंच्या मध्ये भरपूर पोकळी असते. दोन्हीकडे औषध जास्त साठते आणि रेंगाळते. इंजेक्शननंतर लगेच चित्रे काढली तर हा फरक ठळक दिसत नाही. दहा ते वीस मिनिटे थांबले की निरोगी भागातले औषध ओसरते, इजा झालेल्या भागातले मागे उरते.

मग तंत्रज्ञाचे कसब सुरू होते. यंत्र एका स्पंदाने शरीरातल्या हायड्रोजनच्या अणूंची चुंबकीय दिशा उलटवते. ते अणू हळूहळू मूळ स्थितीला परत येत असताना एक क्षण असा येतो, की त्यांच्याकडून काहीच संदेश मिळत नाही. गॅडोलिनियम जवळ असेल तिथे हे परतणे वेगाने होते. निरोगी स्नायू बरोबर त्या शून्याच्या क्षणी असताना चित्र टिपले, तर तो काळाकुट्ट दिसतो आणि औषध साठलेला भाग पांढराशुभ्र. हा क्षण उलटवणाऱ्या स्पंदानंतर बहुधा पाव सेकंदाच्या आसपास असतो. मात्र औषध धुऊन जाते तसा तो पुढे सरकतो, म्हणून तपासणी चालू असतानाच वेळ पुन्हा जुळवावी लागते. ती चुकली तर निरोगी स्नायू करडा दिसतो आणि खरा डाग त्यात हरवतो.

पण नुसते ‘पांढरे दिसले’ यावर निदान होत नाही. अनुभवी रेडिओलॉजिस्ट पाहतो ते पांढरे कुठे आहे हे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांच्या फांद्या आत उतरतात. स्नायूचा सर्वांत आतला थर म्हणजे कालव्याच्या टोकाचे शेत. पाणी तुटले की आधी तेच वाळते. 1977 साली रायमर, जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत हे दाखवले. रक्तवाहिनी बांधल्यावर पेशींचा मृत्यू आतल्या थरात सुरू होतो आणि जसजसा वेळ जातो तसा लाटेसारखा बाहेर पसरतो. म्हणून हृदयविकाराच्या झटक्याचा डाग आतल्या कडेला चिकटलेला असतो आणि कोणत्या तरी एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो. तो बाहेरच्या दिशेने किती खोल गेला आहे यालाही मोल आहे. 2000 साली शिकागोच्या रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी बायपास किंवा अँजिओप्लास्टीआधी 50 रुग्णांचे असे एमआरआय केले. हृदयाचे जे नीट न हलणारे भाग मुळीच पांढरे नव्हते, त्यांतले 78 टक्के रक्तपुरवठा सुधारल्यावर पुन्हा चांगले हलू लागले. जिथे तीन चतुर्थांशांहून जास्त जाडी पांढरी होती, अशा 58 भागांपैकी फक्त एक सुधारला.

दाह मात्र कालव्याचा नियम पाळत नाही. विषाणूच्या संसर्गानंतर होणाऱ्या मायोकार्डायटिसमध्ये पांढऱ्या रेघा किंवा ठिपके बहुधा बाहेरच्या थरात नाहीतर स्नायूच्या मधोमध दिसतात. डाव्या कप्प्याची बाजूची आणि खालची भिंत ही त्यांची आवडती जागा. आतली कड काळीच राहते. रक्त तुटल्यामुळे इजा झाली असती तर ती कड सर्वांत आधी गेली असती.

त्या तरुणाच्या चित्रांत नेमके हेच दिसते: बाजूच्या भिंतीत बाहेरून आलेली पांढरी पट्टी आणि आत शाबूत काळा थर. तरी इथे थांबून चालत नाही, कारण पांढऱ्या रंगावर तारीख लिहिलेली नसते. कालचा दाह आणि पाच वर्षांपूर्वीचा व्रण या चित्रात सारखेच दिसू शकतात. म्हणून पाण्याचे प्रमाण दाखवणारी टी-2 पद्धतीची चित्रेही काढतात. त्याच भिंतीत सूज दिसली तर इजा ताजी आहे असे म्हणता येते. सूज आणि पेशींची इजा असे दोन्ही पुरावे मागणारे निकष 2018 मध्ये सुधारले गेले. ‘लेक लुईस निकष’ म्हणून ते ओळखले जातात.

फसगतही होते. रुग्णाला श्वास धरता आला नाही किंवा ठोके अनियमित असले, तर छातीच्या भिंतीची भुतासारखी सावली हृदयावर पडते. त्यामुळे संशयास्पद डाग दुसऱ्या कोनातून पुन्हा पाहतात. दोन्हीकडे दिसला तरच तो खरा. याउलट, स्नायूत सगळीकडे सारखाच बारीक व्रण पसरला असेल, तर तुलनेला निरोगी काळा भागच उरत नाही आणि चित्र खोटा दिलासा देते. तिथे टी-1 मॅपिंग नावाची मोजणी करावी लागते. मूत्रपिंडे फारच निकामी असतील तर कोणते गॅडोलिनियम औषध द्यायचे, मुळात द्यायचे का, हे आधी ठरवावे लागते.

ताज्या दाहातली पांढरी पट्टी म्हणजे सगळीच मेलेली पेशी नव्हे. सुजेमुळेही औषध साठते. काही महिन्यांनी पट्टी बऱ्याचदा आकसते. जे उरते तो व्रण, आणि त्याच्या कडेने हृदयाच्या ठोक्यांची विजेची लय बिघडू शकते. म्हणूनच अशा रुग्णाला साधारण तीन ते सहा महिने धावणे, व्यायामशाळा, स्पर्धा बंद ठेवायला सांगतात आणि पुन्हा एमआरआय करतात. त्या दुसऱ्या तपासणीला जाताना पहिल्या वेळची सीडी न विसरता सोबत न्यावी. पट्टी किती आकसली हे नुसत्या लेखी अहवालावरून कळत नाही, दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच पाहावे लागते.