वादळ तिकडे, लाट इकडे

पॅरिस ऑलिंपिकच्या सर्फिंग स्पर्धा २०२४ साली पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ताहिती बेटावरच्या टेआहुपोओ गावासमोर झाल्या. तिथल्या लाटेसाठीच एवढा खटाटोप. आणि ती लाट जन्मते आणखीच दूर, न्यूझीलंडच्या दक्षिणेला, वादळांच्या पट्ट्यात.

वारा पाण्यावरून घासत गेला की आधी बारीक सुरकुत्या उठतात. त्या उठल्या की वाऱ्याला ढकलायला उभी बाजू मिळते आणि लाट वाढत जाते. किती वाढेल, हे वाऱ्याचा वेग, तो किती तास टिकला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर ठरतं. या लांबीला फेच म्हणतात. गावच्या तलावावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी लाट मोठी होत नाही, कारण लगेच काठ येतो. दक्षिण महासागरात मात्र पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच.

वादळाखालचा समुद्र नुसता खवळलेला असतो. लहान-मोठ्या लाटा एकमेकींवर चढत असतात. वाऱ्याच्या टापूबाहेर पडल्यावर त्यांची निवड होते. खोल पाण्यात लांब लाटा जलद धावतात. लागोपाठच्या दोन माथ्यांमध्ये १६ सेकंद असतील, तर तो जथा ताशी ४५ किलोमीटरने निघतो. १० सेकंदवाला २८ने. चार हजार किलोमीटरवर पहिला चौथ्या दिवशी पोहोचतो, दुसरा सहाव्या. या नीट रांगेत येणाऱ्या लाटा म्हणजे स्वेल. मुरलेला सर्फर म्हणूनच अंदाजपत्रकात उंचीइतकेच हे सेकंदही बारकाईने बघतो.

पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्यावर आली की लाटेला तळ लागतो. १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब, म्हणजे २०० मीटर खोलीपासूनच तिचा वेग कमी होऊ लागतो. पुढे ती आखूड होते, उंच होते, आणि खोली जेमतेम तिच्या उंचीएवढी उरली की फुटते.

कशी फुटते, हे तळाचा उतार ठरवतो. होनोलुलूच्या वाइकीकीला उतार मंद, त्यामुळे माथा हळूहळू घरंगळतो आणि नवशिकाही फळीवर उभा राहतो. कोकणातल्या सपाट पुळणींवरही लाट लांबवरच फुटते आणि फेसाच्या दोन-तीन रांगा किनाऱ्याकडे येतात. टेआहुपोओला समुद्राचा तळ खोलातून एकदम प्रवाळाच्या कड्यावर चढतो. लाटेचा पाया अडतो, माथा मात्र त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि मधे पोकळ नळी तयार होते. सर्फर त्या नळीतून जातो. खाली प्रवाळ, वर उथळ पाण्याचा थर. शेजारीच कड्यात खोल वाट आहे, तिथे लाट फुटत नाही, म्हणून प्रेक्षकांच्या होड्या अगदी जवळ उभ्या राहू शकतात.

वाळूचा तळ दर पावसाळ्यात हलतो, तशी लाटही बदलते. प्रवाळ जागचा हलत नाही, तरी टेआहुपोओची लाट रोज सारखी नसते. स्वेल दक्षिणेकडून आला तर ती कड्याच्या बाजूने लांब उलगडत जाते. नैऋत्येकडून आला तर कड्यावर थेट आदळते, आणि धोका तेव्हाच जास्त असतो.