डावीकडून काय, उजवीकडून काय? : एकतर्फी सीमांची दहा प्रश्नांची परीक्षा

अकरावीच्या गणितात 'सीमा' हे प्रकरण आले की बहुतेक मुले एक सोपी युक्ती पकडतात: x च्या जागी दिलेली संख्या घालायची आणि उत्तर लिहायचे. साध्या बहुपदींना ही युक्ती चालते. पण सीमेचा खरा प्रश्न वेगळा आहे. x त्या संख्येच्या जवळ जवळ जात असताना फलनाची किंमत कशाच्या जवळ जाते, असे ती विचारते. त्या संख्येवर प्रत्यक्ष काय घडते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. जवळ जाण्याच्या वाटा दोन, डावीकडून आणि उजवीकडून. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येईल याची हमी नसते, म्हणून एकतर्फी सीमा वेगळ्या काढाव्या लागतात.

खालचे दहा प्रश्न आधी कागदावर सोडवावेत. x → a⁻ म्हणजे a पेक्षा लहान राहून a कडे जाणे आणि x → a⁺ म्हणजे a पेक्षा मोठे राहून. [x] म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. सगळ्या संख्या वास्तव आहेत.

प्रश्न

1. x → −2⁻ असताना x ची किंमत −1.99 असेल की −2.01?
2. |x|/x या फलनाची x → 0⁻ असताना सीमा किती?
3. [x] ची x → 2⁻ असताना सीमा किती?
4. x − [x] ची x → 2⁻ असताना सीमा किती?
5. x < 1 साठी f(x) = x + 1, x > 1 साठी f(x) = 3 − x आणि f(1) = 5. x → 1 असताना f ची सीमा आहे का? असल्यास किती?
6. √x ची x → 0⁻ असताना सीमा आहे का?
7. 1/(x − 2) ची x → 2⁻ असताना सीमा किती?
8. 2^(1/x) ची x → 0⁻ असताना सीमा किती?
9. x < 2 साठी f(x) = kx + 1, x > 2 साठी f(x) = x² − 1 आणि f(2) = 10. x → 2 असताना सीमा असावी, तर k किती?
10. √(1 − cos 2x)/x ची x → 0 असताना सीमा आहे का?

गुण कसे द्यावेत

प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, एकूण 20. पहिला गुण त्या बाजूला फलनाचे रूप नेमके काय होते, हे ओळखल्याबद्दल. दुसरा अंतिम उत्तराबद्दल. कारण न देता नुसते बरोबर उत्तर लिहिले, तर एकच गुण. एवढी कडक अट घालण्याचे कारण असे की इथे बरीचशी उत्तरे 0, 1 किंवा −1 अशी येतात आणि अंदाजानेही जुळतात.

उत्तरे आणि नेहमीच्या चुका

पहिल्याचे उत्तर −2.01. अनेक जण −1.99 लिहितात, कारण 1.99 हा आकडा 2 पेक्षा लहान दिसतो. पण ऋण संख्यांमध्ये −1.99 ही −2 च्या उजवीकडे असते. संख्यारेषा काढली की शंका उरत नाही. याचीच एक भावंड चूक म्हणजे 2⁻ ला −2 समजणे. वर लिहिलेले ते चिन्ह बाजू सांगते, संख्येचे चिन्ह बदलत नाही.

दुसऱ्याचे उत्तर −1. शून्याच्या डावीकडे x ऋण असल्याने |x| = −x, म्हणून भागाकार −x/x होतो. चुकीची उत्तरे दोन येतात. '1' लिहिणारा केवल मूल्याचे चिन्ह नुसते पुसून टाकतो. '0/0 म्हणून सीमा नाही' असे लिहिणारा शून्यावरच जाऊन उभा राहतो, जिथे जायला सांगितलेलेच नव्हते. उजवीकडून मात्र 1 येते, म्हणून दुतर्फी सीमा नाही. तरीही या दोन निरनिराळ्या किमती वाया जात नाहीत. 1829 साली डिरिक्ले या गणितज्ञाने दाखवले, की ठरावीक अटी पाळणाऱ्या फलनाची फूरिए श्रेणी अशा उडीच्या जागी डाव्या आणि उजव्या सीमांच्या सरासरीकडे जाते. इथे ती सरासरी 0 येते.

तिसरा आणि चौथा प्रश्न जोडीने पाहावेत. x = 2 − h घ्या, h ही छोटी धन संख्या. मग [2 − h] = 1, म्हणून तिसऱ्याचे उत्तर 1. चौथ्यात (2 − h) − 1 = 1 − h, आणि h शून्याकडे गेला की उत्तर 1. 2 ही संख्या सरळ घातली, तर अनुक्रमे 2 आणि 0 मिळतात. चुकीच्या उत्तरांत हेच दोन आकडे सर्वांत जास्त दिसतात. वाहनतळावर पहिल्या दोन तासांचा दर एक आणि त्यापुढचा दुसरा असावा, तसे हे फलन आहे: दोन तास भरायच्या क्षणभर आधीपर्यंत जुनाच दर लागू असतो.

पाचव्यात डावीकडून 1 + 1 = 2 आणि उजवीकडून 3 − 1 = 2, म्हणून सीमा आहे आणि ती 2. '5' लिहिणाऱ्याला शून्य गुण. 'f(1) = 5 असल्यामुळे सीमा नाही' असे म्हणणाऱ्याने दोन्ही बाजू बरोबर काढल्या असतील, तर एक गुण; त्याने सीमा आणि सातत्य यांची गल्लत केली आहे. फलन 1 वर सतत नाही हे खरे, पण सीमा आहे. नववा प्रश्न हाच सापळा पुन्हा लावतो. 2k + 1 = 3 वरून k = 1. ज्याने 2k + 1 = 10 मांडले त्याला k = 4.5 मिळते, म्हणजे त्याने पुन्हा बिंदूवरचीच किंमत धरली.

सहाव्याचे उत्तर: डावी सीमा नाही. ऋण संख्येचे वास्तव वर्गमूळ नसल्याने डावीकडून येण्याची वाटच नाही. '0' हे उजव्या सीमेचे उत्तर झाले.

सातव्यात छेद −h असतो, म्हणून किंमत −1/h, आणि ती −∞ कडे जाते. '+∞' लिहिणारा छेदाचे चिन्ह विसरतो. नुसते 'सीमा नाही' लिहिल्यास एक गुण द्यावा, कारण किंमत कोणत्या दिशेने बेसुमार जाते ते सांगायचे राहिले. आठव्याचे उत्तर 0. x = −0.01 घेतल्यास घातांक −100 होतो, म्हणजे 1 भागिले 2 चा शंभरावा घात, शून्याच्या अगदी जवळची संख्या. इथे '∞' हे नेहमीचे चुकीचे उत्तर. ते उजव्या बाजूचे आहे.

दहावा प्रश्न सर्वांत फसवा. 1 − cos 2x = 2 sin² x, आणि त्याचे वर्गमूळ √2 |sin x|. बहुतेक वह्यांत इथे √2 sin x लिहिलेले असते आणि उत्तर √2 येते. पण डावीकडे sin x ऋण असल्याने |sin x| = −sin x, म्हणून डावी सीमा −√2, उजवी √2, आणि सीमा नाही. x = −0.1 घालून पाहिले, तर किंमत सुमारे −1.41 येते. एवढ्या तपासणीनेही चूक लगेच पकडता येते.

गुणपत्रिका कशी वाचावी

एकूण गुणांपेक्षा ते कुठे गेले हे पाहणे उपयोगाचे. तीन, चार, पाच आणि नऊमध्ये गुण गेले असतील, तर बिंदूवरची किंमत घालण्याची सवय सुटलेली नाही. तिच्यावर उपाय म्हणजे x = a − h किंवा x = a + h लिहूनच सुरुवात करणे. दोन, सात, आठ आणि दहामध्ये गेले असतील, तर चिन्हाकडे दुर्लक्ष होते आहे. तिथे बिंदूपासून किंचित अंतरावरची एक संख्या प्रत्यक्ष घालावी, आणि आलेल्या किमतीचे चिन्ह उत्तराशी जुळते का ते पाहावे.